पाट शाळेत जाण्याआधी: गणपतीच्या माहितीपटाची संहिता उपदेशाविना कशी लिहावी

गावातल्या मंडळाला किंवा ग्रामपंचायतीला पर्यावरणपूरक गणेशोत्सवावर दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असतो. कुणीतरी मागच्या वर्षीची स्क्रिप्ट काढून देतं आणि नवख्या माणसाला सांगतं, "जरा नीट करून दे." हा लेख त्या नवख्या माणसासाठी आहे. हाती आलेली संहिता बहुधा अशी असते:

"आज आपण उत्सवाचे पावित्र्य विसरलो आहोत. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या विषारी मूर्ती पाण्यात कधीच विरघळत नाहीत. त्यामुळे असंख्य जलचर तडफडून मरतात. शाडूची मूर्ती मात्र क्षणात विरघळते. थर्माकोल आणि प्लास्टिक टाळून निसर्गाचे रक्षण करणे हे आपल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. चला तर मग, यंदा पर्यावरणपूरक गणेशोत्सव साजरा करण्याचा संकल्प करूया!"

ही संहिता ऐकणारा माणूस मान डोलावतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो. त्याला निसर्गाचं काही पडलेलं नाही असा याचा अर्थ नव्हे. या सहा वाक्यांत त्याने उद्या काय करायचं, कुठे जायचं, किती पैसे जास्त लागतील, यातलं काहीच नाही. उपदेश वाटतो तो याच कारणाने. सूर मवाळ करून, "कृपया" आणि "नम्र विनंती" घालून तो जात नाही. रिकाम्या जागी माहिती भरली की जातो.

पहिली पायरी: व्हिडिओ कधी दाखवणार ते ठरवा

लिहायला बसण्याआधी तारीख हवी. कोकणात घरचा गणपती बहुतेक ठिकाणी आयत्या वेळी बाजारातून आणत नाहीत. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. पाट एकदा शाळेत गेला की मातीचा प्रश्न सुटलेला असतो. पाट बऱ्याच ठिकाणी नागपंचमीच्या सुमारास देतात आणि तिथून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण चार आठवडे असतात. पावसाळी हवेत शाडूची मूर्ती सावकाश वाळते आणि पुरती वाळल्याशिवाय तिच्यावर रंग धरत नाही. म्हणून शाडूची मागणी मूर्तिकाराला त्याच्याही आधी कळायला हवी.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी "शाडूचीच मूर्ती आणा" असं सांगितलं, तर ज्याच्या घरी प्लास्टरची मूर्ती ठरून गेली आहे त्याला ती केवळ बोलणी वाटतात. त्याच्या हातात आता काही नसतं. तेव्हा आषाढात दाखवायचा व्हिडिओ मूर्तीबद्दल असू द्या. चतुर्थीच्या आठवड्यात, चाकरमानी गाड्यांतून उतरत असताना दाखवायचा व्हिडिओ आरास, निर्माल्य आणि विसर्जनाबद्दल असू द्या. दोन्ही एकाच संहितेत कोंबले की दोन मिनिटांत काहीच नीट सांगून होत नाही. खालचं उदाहरण आषाढातल्या व्हिडिओचं आहे.

दुसरी पायरी: जुन्या संहितेवर पेन्सिल फिरवा

जुनी संहिता कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्याखाली तीनपैकी एक खूण करा. माहिती असेल तर सरळ रेघ, करायची कृती असेल तर दुहेरी रेघ, आणि ऐकणाऱ्याच्या वागण्यावर किंवा भावनेवर शेरा असेल तर गोल. "विसरलो आहोत", "कर्तव्य आहे", "संकल्प करूया", "आपण कधी जागे होणार?" ही सगळी गोलातली. वरच्या संहितेत पहिलं आणि शेवटचं वाक्य सरळ गोलात जातं. पाचव्या वाक्यात थर्माकोल टाळण्याची कृती दिसते, पण तिच्या जागी काय वापरायचं ते नाही, म्हणून तेही गोलातच. उरतात माहितीची तीन वाक्यं, आणि ती तिन्ही तपासल्यावर लंगडी निघतात. ते पुढे पाहू.

मराठीत उपदेश क्रियापदावरून ओळखू येतो. "करायला हवं", "टाळलंच पाहिजे", "जपलं पाहिजे" अशी वाक्यं दोन मिनिटांत एकाहून जास्त असली की संहिता शाळेतल्या भाषणासारखी ऐकू येते. त्याऐवजी साधा वर्तमानकाळ वापरा: "पाट देताना शाडू की प्लास्टर ते मूर्तिकार विचारतो." वाक्यात आज्ञा नाही, तरी ऐकणाऱ्याला पाट देताना काय होणार ते कळतं.

गोलातली वाक्यं मऊ करत बसू नका, काढून टाका. त्यांच्या जागेवर पुढच्या पायऱ्यांतली माहिती येणार आहे आणि तिला जागा लागते. मराठी निवेदन सावकाश, नीट ऐकू येईल असं वाचलं तर मिनिटाला सुमारे ११० ते १२० शब्द होतात. दोन मिनिटांना २३०च्या आसपास शब्द धरा. दृश्यांना श्वास हवा असेल तर २००.

तिसरी पायरी: प्रत्येक दावा पाण्यात बुडवून बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गावात एक तरी माणूस असा असतो ज्याने पन्नास गणपती घडवलेत किंवा तीस विसर्जनं केलीत. एक दावा चुकला की तो म्हणतो, "ह्यांना काय ठाऊक नाय," आणि बाकीचं खरं असलं तरी वाया जातं.

"शाडू क्षणात विरघळते." शाडू विरघळत नाही. ती बारीक कणांची चिकणमाती आहे. न भाजलेली असल्यामुळे पाणी आत शिरलं की कण सुटे होतात, मूर्ती ढासळते आणि गाळ तळाशी बसतो. याला काही तास लागतात, मूर्ती जाड असेल किंवा तिच्यावर तैलरंगाचा थर असेल तर त्याहून जास्त, कारण तो थर पाणी आत जाऊ देत नाही. "विरघळते" ऐवजी "पाण्यात सुटते, माती होऊन खाली बसते" असं लिहा. असं लिहिलं की एक मर्यादाही आपोआप समोर येते: ओहोळाच्या एकाच लहान कोंडीत सगळ्या वाडीचे गणपती गेले तर शाडूचाही गाळ साठतो. आणखी एक गोष्ट लपवू नका. कोकणातल्या शाळांत येणारी शाडू बरीचशी गुजरातेतून येते. "आपल्या मातीतला गणपती" असं लिहिण्याआधी मूर्तिकाराला विचारा.

"प्लास्टर कधीच विरघळत नाही." हेही ताणलेलं आहे. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. ते पाण्यात कालवलं की पुन्हा जिप्सम बनून घट्ट होतं. म्हणजे प्लास्टरची मूर्ती ही जिप्समचीच मूर्ती असते. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण लिटरला जेमतेम दोन ग्रॅमच्या वर. हा एक आकडा संहितेत सोनं आहे, कारण त्यावरून हिशेब मांडता येतो. पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल, आणि तेही सारखं हलतं. विहिरीत किंवा कोंडीत मूर्तीभोवतीचं पाणी लवकर संपृक्त होतं आणि विरघळणं जवळजवळ थांबतं. पुढच्या मे महिन्यात पाणी आटल्यावर मूर्तीचे भाग दिसतात ते यामुळे.

"विषारी मूर्ती." जिप्सम विषारी नाही. धोका काही रंगांत असतो: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा असलेल्या रंगद्रव्यांत. म्हणजे चकचकीत रंग लावलेली शाडूची मूर्तीही या बाबतीत निर्दोष ठरत नाही. जुन्या संहितेने सगळा दोष प्लास्टरवर टाकून रंगाचा प्रश्न सोडूनच दिला. तुमच्या संहितेत रंगाला एक स्वतंत्र वाक्य द्या.

"जलचर तडफडून मरतात." तुमच्या खाडीत कुणी मोजलंय का? नसेल तर वाक्य काढा. मेलेल्या माशांचं दुसरीकडचं दृश्य लावलं तर मच्छीमार वाडीतला माणूस ते लगेच ओळखतो.

कायद्याचा उल्लेख करायचा तर एकाच वाक्यात करा आणि त्या वर्षाचा आदेश हातात घेऊन लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्लास्टरच्या मूर्ती नाकारल्या आहेत. पण प्रत्यक्षात काय चालेल यावर मुंबई उच्च न्यायालयात पुढेही सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्येच नियम काही महिन्यांच्या अंतराने बदलले. मागच्या वर्षीच्या संहितेतलं कायद्याचं वाक्य तसंच उचललं तर चुकीची माहिती पसरते. थर्माकोलचं मात्र स्पष्ट आहे: २३ मार्च २०१८च्या राज्याच्या अधिसूचनेने थर्माकोलच्या आराशीवर बंदी आली.

चौथी पायरी: मूर्तिकाराला तीन प्रश्न विचारा

संहितेतले स्थानिक तपशील इंटरनेटवर मिळत नाहीत, शाळेत मिळतात. शाडूसाठी पाट कोणत्या तारखेपर्यंत घेता? एकाच उंचीच्या शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्तीत किती रुपयांचा फरक? आणि दोन्हींचं वजन किती? वजन विसरू नका. कोकणात गणपती अनेक घरी पाणंदीतून, पायऱ्यांवरून, कधी साकवावरून डोक्यावर जातो. शाडूची मूर्ती जड असते आणि धक्क्याने बोट, सोंड, कान तुटण्याची भीती जास्त. लोक प्लास्टरकडे वळले त्यामागे स्वस्ताईइतकंच हेही कारण आहे. हे मान्य न करणारी संहिता त्या पाणंदीतल्या माणसाशी बोलतच नाही. मान्य केलं की उपायही सांगता येतो: उंची कमी ठेवा, हात आणि सोंड अंगालगत असलेली घडण मागा.

मूर्तिकाराला संहितेत खलनायक करू नका, हेही इथेच सांगायला हवं. त्याच्याकडे प्लास्टरचे साचे असतील, त्यावर त्याचा हंगाम चालत असेल. तोच तुमचा सगळ्यात चांगला निवेदक ठरू शकतो. "शाडूला मला आठवडाभर जास्त लागतो, म्हणून लवकर सांगा" हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तर त्यात उपदेश उरत नाही.

पाचवी पायरी: सांगू नका, दाखवा

किनाऱ्यावर परत आलेल्या भग्न मूर्तीचं दृश्य जवळजवळ प्रत्येक अशा व्हिडिओत असतं. ते काढा. ज्याने ती मूर्ती पुजली त्याला ते दृश्य दुखावतं, आणि दुखावलेला माणूस पुढचं ऐकत नाही. त्याऐवजी दोन काचेचे ग्लास घ्या. एकात शाडूचा सुपारीएवढा वाळलेला खडा, दुसऱ्यात प्लास्टरचा तेवढाच तुकडा, दोन्ही शाळेतल्या उरलेल्या मालातले, मूर्तीचे नव्हेत. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवून अर्धा तास चित्रण करा आणि वेग वाढवून दहा सेकंदांत दाखवा. शाडूचा खडा भुसभुशीत होऊन पसरतो. प्लास्टरचा तुकडा होता तसाच राहतो.

हाच प्रयोग ओळख पटवायलाही चालतो. विक्रेता "शाडूचीच आहे" म्हणाला आणि शंका असली, तर मूर्तीच्या बुडाखालचा लहानसा खडा काढून पाण्यात टाकायला सांगा. मऊ पडून चिखल झाला तर माती. टणकच राहिला तर प्लास्टर. नुसत्या वजनावर किंवा पांढऱ्या रंगावर जाऊ नका, दोन्हींना रंगाचा हात दिल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

सहावी पायरी: जे आधीच चालू आहे ते शिकवायला जाऊ नका

"नैसर्गिक सजावट करा" हे वाक्य सिंधुदुर्गातल्या घरात ऐकवणं म्हणजे माडाखाली बसून नारळ काय असतो ते सांगणं. तिथे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. कवंडळं, हरणाची फुलं, कांगणी, नारळ, सुपारीचा घड, आंब्याचे टाळ, केवणीच्या सालीचे दोर. गोव्याकडे तिला माटोळी म्हणतात. थर्माकोलचं मखर आलं ते या माटवीच्या खाली. तेव्हा संहिता माटवीपासून सुरू करा आणि मखरापुरतं बोला: बांबूची चौकट, सुती साडी, पुठ्ठा, पुढच्या वर्षी परत वापरता येईल असं लाकडी मखर. रानातल्या वस्तूंबद्दल एकच नेमकी सूचना पुरते. वेल मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी त्या जागी कांगणी मिळत नाही, म्हणून फळाचा घोस कापून घ्यावा.

घरी बादलीत विसर्जन करा, हे शहरी संहितांतून उचललेलं वाक्यही जपून वापरा. जिथे सगळी वाडी भजनं म्हणत पाणवठ्यावर जाते तिथे बादलीचा सल्ला परका वाटतो, आणि वाहत्या ओहोळात जाणाऱ्या लहान शाडूच्या मूर्तीला त्याची गरजही कमी. जिथे पाणी साचलेलं आहे, किंवा प्यायच्या विहिरीजवळ विसर्जन होतं, तिथेच पर्याय द्या.

विसर्जनाच्या व्हिडिओत समुद्राबद्दल लिहाल तेव्हा "सागर वाचवा" ऐवजी वेळ द्या. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे उधाणाचे दिवस. आपल्या किनाऱ्यावर त्या सुमारास मोठी भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि पुन्हा मध्यरात्रीकडे येते. संध्याकाळी पाच-सहाला पाणी ओसरलेलं असतं. उथळ पाण्यात ठेवलेली मूर्ती मग रात्रीच्या भरतीबरोबर पुळणीवर परत येते. तुमच्या बंदराची नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्या आणि वाडीतल्या जाणत्या मच्छीमाराकडून पक्की करा. निर्माल्याबद्दलही तसंच: "नदीत टाकू नका" एवढ्यावर थांबू नका. निर्माल्य पायदळी येऊ नये ही घरच्यांची खरी काळजी असते. दोरा, प्लास्टिकची पिशवी आणि चमकी काढून फुलं-दूर्वा माडाच्या आळ्यात घालून वर माती ओढली की तीही मिटते.

नवी संहिता

वरच्या पायऱ्यांनंतर आषाढातला व्हिडिओ असा उभा राहतो. मोकळ्या जागा शाळेत विचारून भरायच्या.

"(दृश्य: शाळेच्या पडवीत ओळीने ठेवलेले पाट.) पाट शाळेत द्यायचे दिवस आले. पाट देताना मूर्तिकार विचारतो: शाडू की प्लास्टर? उत्तर देण्याआधी हे दोन ग्लास बघा.

(दृश्य: दोन ग्लास.) डावीकडे शाडू, उजवीकडे प्लास्टर. अर्ध्या तासात शाडू सुटी होऊन खाली बसली. प्लास्टर तसंच आहे. लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. आपल्या कोंडीत पाच किलोची मूर्ती सोडली, तर ती पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच असू शकते.

(दृश्य: मूर्तिकार हातातलं काम करत बोलतो.) शाडूची मूर्ती एक फुटाला ____ रुपयांनी महाग पडते. वजनाला ____ किलो जास्त. वाळायला वेळ लागतो, म्हणून शाडूचे पाट मी ____ तारखेपर्यंतच घेतो. लांबून, पाणंदीतून न्यायची असेल तर उंची थोडी कमी सांगा. हात अंगालगत ठेवून करतो, म्हणजे तुटायची भीती राहत नाही.

(दृश्य: रंगाच्या वाट्या.) रंगाचंही आत्ताच सांगून ठेवा. तैलरंग लावला तर शाडूसुद्धा पाण्यात उशिरा सुटते. गेरू, हळद, पाण्यात कालवलेले रंग चालतात, त्यांना चकाकी मात्र कमी.

(दृश्य: डोक्यावर पाट घेऊन येणारा माणूस.) मुंबईला असाल तर घरी फोन करून पाट कुणी नेणार ते ठरवा. शाळेचा फोन नंबर खाली दिला आहे. गणपती बाप्पा मोरया!"

हे बोलायचे साधारण एकशेतीस शब्द आहेत. मूर्तिकार वाचून बोलणार नाही, त्याला मुद्दे सांगून मोकळं बोलू द्यायचं आहे, आणि त्याच्या बोलण्याला उरलेली जागा लागते. "तुटायची भीती राहत नाही" हे त्याच्या तोंडी आलं तर पुन्हा विचारा. "कमी होते" हेच खरं असेल तर तसंच म्हणू द्या. मालवणी बोलणारा मूर्तिकार असेल तर त्याला प्रमाण मराठीत ओढू नका, आणि निवेदक मालवणी नसेल तर त्याच्याकडून दोन-चार मालवणी शब्द वदवून घेऊ नका.

शेवटची पायरी: तिघांना ऐकवा

चित्रणाआधी संहिता एका मूर्तिकाराला, घरचा गणपती सांभाळणाऱ्या एका बाईला आणि एका चाकरमान्याला मोठ्याने वाचून दाखवा. "कशी वाटली?" विचारू नका, सगळे चांगलीच म्हणतात. विचारा: "आता तुम्ही काय करणार?" उत्तरात तारीख, माणूस किंवा जागा आली, जसं "पाट पुढच्या रविवारी द्यायला भावाला सांगतो", तर संहिता झाली. "हो, पर्यावरण जपायला हवंच" असं उत्तर आलं तर कुठेतरी अजून गोलातलं वाक्य शिल्लक आहे. ते शोधा. बहुतेक वेळा ते शेवटच्या दोन ओळींत सापडतं, कारण लिहिणाऱ्याला संकल्पावर थांबण्याची सवय असते. ते खोडून फोन नंबर आणि तारीख पडद्यावर पाच सेकंद राहू द्या, वाचून लिहून घेता येईल इतकी मोठी.